काठ, घोटा आणि चिखल

बेळगाव जिल्ह्यात पाऊस एक नाही, दोन आहेत. पूर्वेला अथणीकडे वर्षभरात जेमतेम पाच-सहाशे मिलिमीटर पडतो आणि तोही लहर लागली तर. पश्चिमेला खानापूर ओलांडून मलप्रभेच्या उगमाकडे, कणकुंबीच्या रानात गेलात की तोच पाऊस त्याच्या कित्येक पट होतो आणि आठवडेच्या आठवडे सूर्य दाखवत नाही. घाट उतरून गोव्यात जा, तिथेही तेच. या एका जिल्ह्याने माणसाच्या पेहरावाला दोन वस्तू दिल्या. कोरड्या पूर्वेने चामड्याची वहाण दिली, ओल्या पश्चिमेने बांबू आणि पानांचे इरले दिले. दोन्ही आपापल्या जागी नामी. त्यांची अडचण सुरू झाली ती माणसे रोज घराबाहेर पडून कचेरीत, शाळेत, दवाखान्यात जाऊ लागली तेव्हा. पावसाळी पेहरावाचा आपल्याकडचा खरा इतिहास इथून सुरू होतो, आणि तो मुख्यतः बायकांच्या साडीच्या काठाचा इतिहास आहे.

आधी जुनी रीत काय होती ते पाहू. ती एका वाक्यात सांगता येते : डोके आणि पाठ झाका, पाय उघडे ठेवा. भातलावणीला वाकलेल्या बाईच्या अंगावरचे इरले पाहिले म्हणजे हे ध्यानात येते. बांबूच्या बेळांची दुहेरी जाळी, मध्ये पळसाची किंवा सागाची पाने, आणि आकार असा की डोक्यावर अडकवले की वाकलेल्या पाठीवरून खाली उतरावे. ते उभ्या माणसासाठी केलेलेच नाही. कानडी मुलखात यालाच गोरबू म्हणतात, आणि खानापूरच्या घरांतून दोन्ही शब्द ऐकू येतात. गुराख्याकडे आणि माळावरच्या धनगराकडे इरल्याऐवजी घोंगडी असे. तिला कानडीत कंबळी म्हणतात. घोंगडीची खोळ करून डोक्यावर घेतली की पाठीवरून पाणी ओघळून जाई. लोकरीतली मूळची चरबी पाणी झटकते, आणि धाग्यांना चिंचोक्याची खळ दिलेली असल्याने कापड घट्ट बसलेले असते. त्यातूनही जे पाणी आत मुरते ते लोकर पोटात घेते. आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा पाणी घेऊनही लोकर अंगाला ओली लागत नाही. उलट पाणी शोषताना ती थोडी ऊब देते. मात्र एकदा चिंब झाली की घोंगडी ओझे होते आणि दोन-दोन दिवस वाळत नाही. म्हणून तिची जागा चुलीजवळच्या वलणीवर असे.

आणि कमरेखाली? तिथे पाण्याला अडवण्याचा प्रयत्नच नव्हता. पुरुषांची धोतरे खोचून गुडघ्यावर यायची. कष्टकरी बायकांचे नऊवारी लुगडे काष्टा मारून पोटरीपर्यंत, रोपे लावताना तर गुडघ्यापर्यंत वर असे. गोव्यातल्या कुणबी बायकांचे आखूड, खांद्यावर गाठ मारून नेसलेले लुगडे याच जातीचे. या नेसण्यामागे केवळ दारिद्र्य होते असे कुणी म्हणत असेल तर तो ते लुगडे नेसून वाफ्यात उतरलेला नाही. चिखलात गुंतणारा एकही पदर त्यात खाली लोंबत नाही. आणि सर्वांत लवकर वाळणारे कापड कोणते, तर माणसाची कातडी. दोन मिनिटांत फडक्याने पुसली की कोरडी.

या रीतीचे गोडवे गाण्यापूर्वी तिची किंमतही सांगायला हवी. अनवाणी पायाने पावसात हिंडणाऱ्याला काटा, विंचू, साप यांचे भय होतेच. शिवाय ओल्या मातीतून कातडीवाटे शिरणारे आकडीचे जंत होते, आणि उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून पायाच्या जखमेवाटे येणारा ज्वर होता, ज्याला आज लेप्टो म्हणतात. पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या तर घरोघरी. उघडा पाय लवकर वाळत होता, सुरक्षित नव्हता.

मग पायात वहाणा का नव्हत्या? कारण आपली वहाण पावसाची नाहीच. अथणी, निपाणी, कोल्हापूर या पट्ट्यात जी चप्पल होते तिचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात मुरवलेले असते. तळ जाड म्हशीच्या कातड्याचा, आणि थर एकमेकांना शिवलेले तेही कातड्याच्याच वादीने, खिळा नाही. कोरड्या जमिनीवर ही वहाण पायाच्या आकाराची होत जाते आणि वर्षानुवर्षे टिकते. पण साल-हिरड्याने कमावलेले कातडे पाणी पिते. भिजले की ते फुगते, मऊ पडते, वादी ताणते आणि थर सुटू लागतात. त्यातला रस पाण्याबरोबर बाहेर येऊन पायाला तपकिरी डाग पडतात. आणि मग कुणी ती चुलीशी किंवा उन्हात वाळत घातली तर ती कडक होऊन कडेने वळते. तशी वळलेली चप्पल पुन्हा सरळ होत नाही. म्हणून मृग लागला की वहाणांना तेल चोळून त्या खुंटीला जायच्या त्या दसऱ्याच्या सुमारास खाली यायच्या. ती चैन नव्हती, वस्तूचे आयुष्य राखण्याची रीत होती.

ही घडी विसाव्या शतकात मोडली. शाळामास्तरीण, परिचारिका, पुढे तारघरातल्या आणि कचेऱ्यांतल्या बायका घराबाहेर पडल्या, मुली हायस्कुलात जाऊ लागल्या, आणि नऊवारीची जागा हळूहळू पाचवारी गोल साडीने घेतली. गोल साडीबरोबर दोन गोष्टी आल्या. एक, काठ पोटरीवरून घोट्यावर, किंबहुना टाचेपर्यंत आला. दोन, आत परकर आला. सभ्यतेची खूण म्हणजे झाकलेला घोटा, असे ठरून गेले. पण पाऊस बदलला नव्हता आणि रस्ता बदलला नव्हता. तेव्हा कोऱ्या सुती साडीचा जमिनीलगतचा काठ डबक्याला टेकू लागला.

काठ भिजला तर भिजला, बिघडले काय, असे वाटेल. पण सुती कापड दिव्यातल्या वातीसारखे आहे. वात तेल वर ओढते तसा काठ पाणी वर ओढतो. नुसत्या काठाला लागलेले पाणी शाळेत पोहोचेपर्यंत टीचभर, वीतभर वर चढलेले असते, आणि परकर तर निऱ्यांच्या आत, जिथे वारा लागत नाही तिथे ते धरून बसतो. वर्गात पाच तास तसेच उभे राहायचे. ओल्या कापडातले पाणी वाळताना ऊब अंगातूनच घेते, म्हणून पाय गार पडतात. मांडीला, पोटरीला कापड घासून कातडी सोलते. ‘पावसाळ्यात मुलीला शाळेत कशाला धाडायचे?’ या घरातल्या प्रश्नामागे पुष्कळ वेळा रूढीइतकाच हा ओला परकर होता.

अशा वेळी कृत्रिम धाग्याचे कापड आले. अमेरिकेत वॉलेस कॅरदर्स याच्या प्रयोगशाळेत १९३५ साली नायलॉन तयार झाला. इंग्लंडात व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघांनी १९४१ साली पॉलिएस्टरचा धागा काढला आणि तो टेरिलिन नावाने बाजारात आला. आपल्या भागाला या कापडाची ओळख एका आडवाटेने झाली. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, त्याआधी तिथे परदेशी मालावर भारतासारखे निर्बंध नव्हते. नायलॉनचे कापड पणजी-मडगावात उघड मिळे आणि सीमेवरच्या नाक्यांना चुकवून इकडे येई. पुढे ठाण्याच्या कारखान्यात १९६५ पासून ‘टेरीन’ हा पॉलिएस्टर धागा देशातच होऊ लागला, आणि टेरिकॉटचा सदरा, टेरिकॉटची विजार हा मध्यमवर्गीय घराचा गणवेशच झाला.

या कापडाने नेमके काय केले? ‘ते पाणी शोषत नाही’ असे आपण म्हणतो. ते खरे आहे, पण अर्धे. हवेतल्या दमटपणातून सुताचा धागा आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के पाणी सहज घेतो, नायलॉन चार टक्के, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. म्हणजे पॉलिएस्टरच्या धाग्याच्या पोटात पाणी जातच नाही. पण धाग्याधाग्यांमधल्या फटीत ते राहतेच. म्हणून कापड पातळ आणि सुटसुटीत विणीचे असेल तर एका झटक्यात निथळते. जाड, दाट विणीचे असेल तर तेच पॉलिएस्टर तासन्‌तास ओले राहते. ‘लवकर वाळणारे’ हा गुण नुसत्या धाग्याचा नाही, विणीचाही आहे. दुकानात याची परीक्षा सोपी आहे : कापड उजेडाकडे धरावे. विणीतून उजेड सारखा झिरपत असेल तर पाणीही झिरपेल.

हिशेबच मांडून पाहू. समजा १९७० साली एक शिक्षिका मैलभर चालत शाळेला निघाली आहे. साधी सुती सहावारी साडी अर्ध्या किलोच्या आसपास भरते. ती पूर्ण भिजली तर हाताने घट्ट पिळूनही तिच्यात जवळजवळ तिच्या वजनाइतके, म्हणजे चारशे-पाचशे ग्रॅम पाणी उरते. आता तिने पातळ टेरिलिनची साडी घेतली. तिचे वजन साडेतीनशे ग्रॅम, आणि पिळल्यावर उरणारे पाणी शंभर-सव्वाशे ग्रॅम. मोठाच फरक. पण तिच्या अंगात परकर अजून मांजरपाटाचा आहे. त्याचे वजन पाव किलो आणि त्याच्या पोटात पाणी दोनशे ग्रॅम. म्हणजे नव्या साडीत जितके पाणी आहे त्याच्या जवळजवळ दुप्पट पाणी जुन्या परकरात आहे! साडी पहिल्या तासाला कोरडी दिसू लागते, बाई मात्र दुपारपर्यंत ओलीच. हे आकडे ढोबळ आहेत, पण घरच्या तराजूवर कुणीही करून पाहावेत : कोरडे वजन, पिळल्यावरचे वजन, आणि मग दर दोन तासांनी. आपले कोणते कापड आपल्याला फसवते ते एका दिवसात कळते.

दुसरी फसवणूक फॉलची. साडीचा काठ जमिनीला घासून झिजू नये म्हणून आतून पट्टी लावायची ही पद्धत गोल साडीबरोबर रुजली. साडी पॉलिएस्टरची आणि फॉल सुती असेल तर पहिल्या दोन-तीन पावसांतच फॉल आटतो, साडी आटत नाही, आणि काठ चुण्या पडून वर वळतो. वळलेल्या काठात चिखल साठतो. म्हणून जाणत्या बायका सुती फॉल रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच लावतात. पावसाळी साडीला तर फॉलही कृत्रिम धाग्याचाच बरा. सलवारीतही हीच गोष्ट दुसऱ्या रूपाने आली. पोंचा ताठ राहावा म्हणून आत कॅनव्हासची किंवा बुक्रमची पट्टी घालतात. सलवार वाळते, ती पट्टी वाळत नाही, आणि घोट्याभोवती दिवसभर ओले कडे राहते. पावसाळ्याच्या सलवारीला पोंचा साधा दुमडलेला, मोकळा आणि घोट्याच्या वर दोन बोटे असावा. दोन बोटे का? चालताना टाच उचलली जाते तेव्हा मागचा काठ खाली येतो. उभे राहून घोट्याला टेकणारा काठ चालताना डबक्याला टेकतो. शिंप्याकडे माप देताना उभे राहून नव्हे, एक पाऊल पुढे टाकून द्यावे.

कृत्रिम कापडाचे सगळेच भले झाले असे नाही. ‘आर्ट सिल्क’ म्हणून जे स्वस्त कापड खपले ते बहुधा रेयॉन. त्याचा नायलॉनशी काही संबंध नाही. रेयॉन सुतापेक्षाही जास्त पाणी पितो आणि ओला असताना त्याचे बळ जवळजवळ निम्मे होते. ओल्या निऱ्यांवर पाय पडला की साडी फाटते. सूत याच्या उलट, ओले असताना अधिक मजबूत. नायलॉन-टेरिलिनचा धोका वेगळा आणि गंभीर. ते जळताना वितळून कातडीला चिकटते. भिजून घरी आलेली बाई त्याच साडीवर रॉकेलच्या स्टोव्हपुढे बसली तर काय होते, हे सांगायला नको. बाहेरची साडी दारातच बदलून सुती साडी नेसायची आणि मगच चुलीपाशी जायचे, हा काही घरांतला नियम आधी सोवळ्याचा होता; या कापडाने त्याला नवे आणि अधिक खरे कारण दिले.

आता पायाकडे येऊ. खुंटीला टांगलेल्या वहाणेच्या चार महिन्यांची जागा रिकामी होती आणि ती रबराने भरली. चार्ल्स गुडइयर याने गंधक आणि उष्णता यांनी रबर पक्के करण्याची युक्ती १८३९ साली शोधली, तोवर रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत ठिसूळ होई. आपल्याकडे विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात कलकत्त्याचे डकबॅकचे रेनकोट आणि बाटाचे रबरी तळाचे कॅनव्हास बूट आले. कॅनव्हास भिजले की दोन दिवस गेले, म्हणून ते पावसाला उपयोगाचे नव्हते. खरे राज्य केले ते हवाई चपलेने. ती पाणी पीत नाही, फडक्याने पुसली की कोरडी, आणि पाय मोकळा राहतो. तिचा दोष सर्वांना ठाऊक आहे : टाच सुटी असल्याने प्रत्येक पावलाला मागचा तळ फटकन वर येतो आणि चिखलाचे शिंतोडे पार पाठीपर्यंत उडतात. काठ दोन बोटे वर घेऊन मिळवले ते हवाई चपलेने घालवले! पावसात टाचेमागे पट्टा असलेलीच चप्पल हवी. पट्ट्याने तळ टाचेला धरून राहतो आणि शिंतोडे उडत नाहीत.

त्यानंतर साच्यात ओतलेले प्लॅस्टिकचे सँडल आले. शाळेच्या पोरांनी डबक्यांतून उड्या मारल्या त्या याच सँडलवर. त्यात भोके असतात ती शोभेची नाहीत. आत गेलेले पाणी बाहेर जायला वाट हवी. जो पावसाळी बूट वरून बंद आणि आत अस्तराचा, त्यात पाणी एकदा शिरले की संध्याकाळपर्यंत पाय भिजत पडतो, आणि चिखल्या तिथेच होतात. प्लॅस्टिकही काही वर्षांनी कडक होते, वाकते तिथे चिरते, आणि ओल्या गुळगुळीत फरशीवर घसरते. नव्या बुटांचे हलके, फुगीर तळ पुष्कळदा पॉलियुरेथेनचे असतात. त्यांच्यावर दमट हवेचाच परिणाम होतो. वापर नसतानाही आतून कुजतात. कपाटात तीन-चार वर्षे जपलेला कोरा करकरीत बूट पहिल्या पावसात रस्त्यावर तुकडे होऊन गळतो, तो यामुळे. मृगाआधी असा तळ हातात घेऊन वाकवून पाहावा आणि नखाने दाबावा. बारीक भेगा दिसल्या, चिकट लागला किंवा भुगा निघाला तर तो बूट रस्त्याला लावू नये.

या सगळ्यात ज्याचे नुकसान झाले त्याचा हिशेब कुणी मांडला नाही. चप्पल करणाऱ्या कारागिराला पावसाळा हा नेहमीच मंदीचा काळ. गिऱ्हाईक नाही, आणि दमट हवेत कातडे नीट वाळत नाही, त्याला बुरशी येते. पण चार महिन्यांनी गिऱ्हाईक परत येई. रबर-प्लॅस्टिकची वहाण आधी फक्त त्या चार महिन्यांसाठी आली होती. ती स्वस्त होती, तेव्हा ती दसऱ्यानंतरही पायातच राहिली, आणि कारागिराचा चार महिन्यांचा दुष्काळ हळूहळू बारमाही झाला. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाल्याचे जाहीर झाले, आणि त्यात महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर यांच्या जोडीला कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हेही जिल्हे आहेत. दोन्ही भाषांतले कारागीर एकाच नावाखाली आले, ही चांगली गोष्ट झाली. पण नाव मिळाले म्हणून चप्पल पावसात टिकू लागत नाही. ती कोरड्या ऋतूची वस्तू आहे. आठ महिने तिला आणि चार महिने रबराला, ही जुनी वाटणी पाळली तर दोघांचेही आयुष्य वाढते. बारमाही प्लॅस्टिक घालणारा पाय आणि बारमाही कातडे घालणारा पाय, दोघेही तोट्यात.

जुन्या रीतीत आणि नव्या कापडात म्हटले तर विरोध नाही. इरल्याने आणि काष्ट्याने जे केले तेच पातळ विणीचे कापड, घोट्यावरचा काठ आणि भोकांचा सँडल करतात : पाणी अडवत बसत नाहीत, त्याला जायला वाट देतात. ज्याने ज्याने पाणी धरून ठेवले, मग तो मांजरपाटाचा परकर असो, फॉल असो, बुक्रमची पट्टी असो की अस्तराचा बूट, त्याने त्याने अंग भिजवले.

हा अंक हाती येईल तेव्हा पाऊस सरलेला असेल आणि पावसाळी चपला माळ्यावर टाकायची वेळ असेल. त्या तशाच चिखलासकट टाकू नयेत. साध्या पाण्याने धुवाव्यात, सावलीत दोन दिवस वाऱ्यावर ठेवाव्यात आणि कागदात गुंडाळाव्यात. प्लॅस्टिकच्या पिशवीत मुळीच बांधू नयेत, त्यात ओल कोंडते. आणि खुंटीवरची कातडी जोडी खाली काढताना आधी कोरड्या फडक्याने बुरशी पुसून, मग हलके तेल चोळून एक रात्र ठेवावी. दुसऱ्या दिवशी ती पायाला पुन्हा ओळखू लागते.